गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेची जाहिरात: खासगी रुग्णालयांच्या प्रसिद्धी विभागाकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रसिद्धीचे नियम सगळ्या उपचारांना लागू असतात, पण ते खरे कसाला लागतात एखाद्या ठरावीक जाहिरातीत. म्हणून इथे एकच शस्त्रक्रिया घेतली आहे, गुडघ्याचा सांधा बदलण्याची. ती बहुतेक वेळा तातडीची नसते. रुग्णाला विचार करायला, चार ठिकाणी विचारायला वेळ असतो, आणि त्यामुळेच रुग्णालयांची जाहिरात तिच्यावर सर्वाधिक जोर लावते. प्रश्न प्रसिद्धी विभागात काम करणाऱ्यांचे, व्यवस्थापनाचे आणि काही डॉक्टरांचे आहेत.

डॉक्टरी व्यवसायात जाहिरात मुळात चालते का?

पूर्वी चालत नव्हती. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १८४७ साली केलेल्या पहिल्या आचारसंहितेत जाहिरात करणं व्यवसायाच्या प्रतिष्ठेला उणेपणा आणणारं मानलं होतं. व्यापारातल्या गैरप्रकारांवर लक्ष ठेवणाऱ्या तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७० च्या दशकात या बंदीला हरकत घेतली. डॉक्टरांनी माहितीच द्यायची नाही म्हटलं, तर रुग्णाने निवड करायची कशावरून, असा मुद्दा होता. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात या बंदीविरुद्धचा कमिशनचा आदेश कायम राहिला. तेव्हापासून तिथे सरसकट बंदी नाही, मनाई आहे ती खोट्या आणि फसव्या जाहिरातीला.

इतर देशांनी वेगवेगळ्या ठिकाणी रेघ ओढली आहे. ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलचा आग्रह असा की माहिती वस्तुस्थितीला धरून असावी आणि रुग्णाच्या असहायतेचा किंवा वैद्यकीय अज्ञानाचा फायदा घेतलेला नसावा. ऑस्ट्रेलियात उपचारांच्या जाहिरातीत रुग्णांचे अनुभव वापरायला कायद्यानेच बंदी आहे. भारतात २००२ चे आचारनियम लागू आहेत. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवे नियम आले आणि त्याच महिन्यात स्थगितही झाले. २००२ च्या नियमांनुसार डॉक्टरने स्वतः किंवा संस्थेमार्फत रुग्ण ओढणं अनैतिक आहे. डॉक्टर चालवत असलेल्या खासगी रुग्णालयाची जाहिरात करता येते, पण तिच्यात संस्थेचं नाव, कोणत्या प्रकारचे रुग्ण घेतले जातात, सोयी आणि शुल्क यापलीकडे फारसं काही असू नये अशी अपेक्षा आहे.

इथे बऱ्याच रुग्णालयांचा एक गैरसमज असतो. नियम डॉक्टरांसाठी आहेत, आपण कंपनी आहोत, तेव्हा आपल्याला मोकळीक आहे असं त्यांना वाटतं. पण होर्डिंगवर ज्या शल्यचिकित्सकाचा हाताची घडी घातलेला फोटो लागतो, तक्रार त्याच्या नोंदणीवर होते. त्यामुळे फोटो छापण्याआधी त्या डॉक्टरने मजकूर वाचून लेखी होकार द्यायला हवा. कित्येकदा तो स्वतःचा फोटो पहिल्यांदा रस्त्यावरच पाहतो, आणि हे कुठल्याच नियमात बसत नाही.

आमचा आकडा खरा आहे. मग ‘९८ टक्के यश’ असं का लिहू नये?

कारण हा आकडा कशाचा आहे ते त्यात लिहिलेलं नाही. एक उदाहरण सावकाश सोडवून पाहू. आकडे कल्पित आहेत, पण हिशेब असाच निघतो.

समजा, गेल्या दोन वर्षांत तुमच्याकडे ४०० जणांचा गुडघा बदलला. त्यांतले ३९२ जण मोठी गुंतागुंत न होता घरी गेले. हे झाले ९८ टक्के. आकडा खरा आहे, पण तो सांगतो ते एवढंच: रुग्ण धडपणे घरी गेला. जाहिरात वाचणाऱ्या बाईंच्या मनातला प्रश्न वेगळा असतो. मला जिना चढता येईल का, रात्री दुखणं थांबेल का, हे त्यांना हवं असतं. ‘यश’ हा शब्द वाचून त्या हेच उत्तर मिळालं असं समजतात.

आता या ४०० जणांना वर्षभराने फोन केला. २९० जण भेटले. बाकीच्या ११० जणांचे नंबर बदलले होते, कुणी फोन उचलला नाही, कुणी गाव सोडलं होतं. भेटलेल्यांपैकी २३५ जण म्हणाले की आपण समाधानी आहोत, ५५ जण म्हणाले की नाही. म्हणजे समाधानी ८१ टक्के. हा आकडा पाहून पुष्कळ व्यवस्थापकांच्या पोटात गोळा येतो. घाबरण्याचं कारण नाही. गुडघा बदललेल्यांपैकी साधारण पाचातला एक जण पूर्ण समाधानी नसतो, हे जगभर दिसून आलं आहे. तुमचा आकडा त्याच्याशी जुळतो, आणि जुळतो म्हणूनच तो विश्वासार्ह वाटतो.

न भेटलेल्या ११० जणांचं काय? ते सगळे नाराज आहेत असं धरलं तर समाधानी ५९ टक्के उरतात. सगळे खूश आहेत असं धरलं तर ८६ टक्के होतात. खरी स्थिती या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहे. नाराज माणूस अनेकदा दुसऱ्याच रुग्णालयात जातो आणि तुमचा फोन घेत नाही, म्हणून ‘भेटले तेवढ्यांचंच’ सांगणं तुमच्या बाजूला झुकलेलं असतं. आकडा छापायचा तर किती जणांशी बोलणं झालं आणि किती जणांशी नाही, हे त्याच ओळीत, त्याच आकाराच्या अक्षरांत यायला हवं. तळाशी मुंगीच्या अक्षरांत टाकलेली टीप होर्डिंगवर कुणी वाचत नाही.

आणखी एक अडचण रुग्णनिवडीची असते. ज्या रुग्णालयात वजन जास्त असलेले, मधुमेह आटोक्यात नसलेले, आधी एकदा शस्त्रक्रिया झालेले रुग्ण येतात, त्याचा आकडा खाली दिसणारच. सोपे रुग्ण निवडणाऱ्याचा वर दिसणार. त्यामुळे ‘इतरांपेक्षा आम्ही सरस’ अशी तुलना रुग्णांच्या अवस्थेचा हिशेब मांडल्याशिवाय करूच नये. हा हिशेब एकट्या रुग्णालयाला बहुधा मांडता येत नाही, तेव्हा तुलना सोडून द्यावी हेच बरं.

आमच्याकडे एकही जंतुसंसर्ग झालेला नाही. ‘शून्य संसर्ग’ तरी म्हणता येईल?

किती शस्त्रक्रियांमध्ये शून्य, ते आधी सांगा. संख्याशास्त्रात एक साधा ठोकताळा आहे. एखादी गोष्ट अमुक जणांत एकदाही घडली नसेल, तर ३ ला त्या संख्येने भागायचं. जे येईल तिथपर्यंत खरं प्रमाण असू शकतं, असं ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं. नव्या विभागात ६० शस्त्रक्रिया झाल्या आणि संसर्ग शून्य, तर ३ भागिले ६० म्हणजे ५ टक्के. याचा अर्थ असा की तुमचं खरं प्रमाण ५ टक्क्यांपर्यंत असलं, तरी एवढ्या थोड्या रुग्णांत ते अजून दिसलं नसेल. शिवाय बदललेल्या सांध्यातला संसर्ग महिन्यांनी, कधी वर्षांनीही उघड होतो. शेवटचे वीस रुग्ण गेल्या महिन्यातले असतील, तर त्यांना शून्यात धरता येत नाही.

मग आकड्यांशिवाय जाहिरातीत लिहायचं तरी काय?

पुष्कळ आहे. रुग्णाला निवड करताना उपयोगी पडणाऱ्या गोष्टी जाहिरातीत क्वचितच येतात, म्हणून ती जागा मोकळीच आहे. नेहमी येणारा मसुदा असा असतो:

‘गुडघेदुखीला कायमचा रामराम! वेदनारहित शस्त्रक्रिया, ९८ टक्के यश, तिसऱ्या दिवशी घरी. आजच नोंदणी करा, सवलत मर्यादित काळासाठी.’

यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट अडचणीची आहे. कायमचा रामराम कुणालाच देता येत नाही, कारण बसवलेला सांधा झिजतो आणि काहींना तो पुन्हा बदलावा लागतो. वेदनारहित तर मुळीच नाही. पहिले काही आठवडे व्यायाम करताना चांगलंच दुखतं, आणि ज्याला कुणी हे सांगितलेलं नसतं तो व्यायाम सोडतो, मग गुडघा आखडतो. म्हणजे जाहिरातीतला तो एक शब्द उपचाराचा निकाल बिघडवू शकतो. मर्यादित काळाची सवलत सगळ्यांत वाईट, कारण शस्त्रक्रियेचा निर्णय ती तारखेला बांधते. ज्याने आणखी तीन महिने व्यायाम करून पाहायला हवा होता, तो सवलत संपेल म्हणून टेबलावर येतो.

त्याऐवजी असं लिहिता येईल:

‘गुडघा बदलण्याआधी व्यायाम, वजन आणि औषधं यांचा उपयोग झाला का, हे आम्ही आधी पाहतो. शस्त्रक्रिया हवीच असेल, तर कोण करणार, किती दिवस राहावं लागेल, घरी काय मदत लागेल आणि एकूण खर्चात काय धरलेलं नाही, हे लेखी देतो. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असेल तर एक्स-रे आणि कागद त्याच दिवशी मिळतील.’

यात एकही भपकेदार विशेषण नाही, आणि प्रत्येक वाक्य रुग्णाला तपासून पाहता येतं. पण तेवढं खरोखर करावं लागेल. कागद त्याच दिवशी मिळतील असं छापलं आणि रेकॉर्ड विभागाने आठवड्याने या म्हटलं, तर जाहिरात खोटी ठरली. म्हणून असा मजकूर छापण्याआधी प्रसिद्धी विभागाने रेकॉर्ड विभाग, बिलिंग आणि फिजिओथेरपीच्या लोकांबरोबर बसणं भाग आहे.

रोबोट घेतला आहे, मोठा खर्च झाला आहे. त्याची जाहिरात करायला काय हरकत?

यंत्र आहे हे सांगायला हरकत नाही. ते काय करतं हे नीट सांगा. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेत वापरला जाणारा रोबोट आपण होऊन शस्त्रक्रिया करत नाही. हाड किती आणि कोणत्या कोनात कापायचं याचं नियोजन शल्यचिकित्सक करतो आणि यंत्र ते नियोजन अचूक पाळायला मदत करतं. सांधा नियोजनाप्रमाणे बसण्यात अचूकता वाढते, याला बऱ्यापैकी आधार आहे. त्यामुळे रुग्णाचं दुखणं किंवा चालणं काही वर्षांनी लक्षणीयरीत्या चांगलं असतं, याचा आधार तितका पक्का नाही. ‘हाड कापण्यात अधिक अचूकता’ हे वाक्य चालेल. ‘लवकर बरे व्हा, रोबोटने’ हे चालणार नाही. आणि नेहमीच्या पद्धतीनेही उत्तम शस्त्रक्रिया होते, हे कुणी विचारलं तर स्वागतकक्षापासून सगळ्यांनी सांगायला हवं. यंत्राचा हप्ता फेडण्याची जबाबदारी रुग्णाच्या गुडघ्यावर नसते.

मोफत तपासणी शिबिर तर समाजसेवा आहे. त्यात नीतीचा प्रश्न कुठे येतो?

एक्स-रे काढण्यापाशी येतो. साठीच्या पुढच्या पुष्कळ लोकांच्या गुडघ्याच्या एक्स-रेमध्ये झीज दिसते, आणि त्यांतल्या अनेकांना काहीच त्रास नसतो. उलट कुणाला खूप दुखतं आणि चित्रात थोडीच झीज असते. झीज आणि दुखणं यांचं नातं सैल आहे. त्यामुळे शस्त्रक्रियेचा निर्णय एकट्या एक्स-रेवर होत नाही. किती दुखतं, काय करता येत नाही, आणि बाकीचे उपाय नीट करून झाले का, यावर तो ठरतो.

शिबिरात मात्र क्रम उलटा होतो. चालत, हसत आलेल्या माणसाच्या हातात चित्र पडतं, तरुण डॉक्टर बोटाने दाखवतो की इथलं अंतर कमी झालंय, आणि ‘वंगण संपलंय’ असं सांगतो. माणूस घरी जातो तो रुग्ण होऊन. जिना टाळू लागतो, फिरायला जाणं बंद करतो. स्नायू सैल पडतात आणि दुखणं खरोखर सुरू होतं. ही हानी कुठल्याही नोंदवहीत येत नाही, म्हणून ती विशेष जपून टाळायला हवी.

शिबिर घ्यायचंच असेल तर त्रास नसलेल्यांचे एक्स-रे काढू नका. आलेल्या प्रत्येकाला खुर्चीवरून हात न टेकता उठता येतं का ते पाहा, मांडीच्या स्नायूंचे दोन-तीन व्यायाम करून दाखवा, आणि कोणत्या लक्षणांना डॉक्टर गाठायचा ते कागदावर द्या: रात्री झोपमोड करणारं दुखणं, सूज आणि ताप, गुडघा अचानक अडकणं. त्या कागदावर ‘आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे’ असं लिहा, ‘आमच्याच रुग्णालयात’ असं नको. आणि शिबिराचं यश नंतर झालेल्या शस्त्रक्रियांवर मोजू नका. शिबिराच्या अहवालात तो रकाना असला, की पुढच्या शिबिरात डॉक्टरचं बोट आपोआप एक्स-रेकडे वळतं.

बऱ्या झालेल्या रुग्णाचा व्हिडिओ करायचा आहे. ते स्वतः आनंदाने तयार आहेत. आणखी काय लागतं?

आधी तुमच्या देशात ते चालतं का ते पाहा. ऑस्ट्रेलियासारख्या ठिकाणी उपचार, निकाल किंवा डॉक्टरच्या कौशल्याबद्दलचा रुग्णाचा अनुभव जाहिरातीत वापरताच येत नाही. जिथे चालतं, तिथेही ‘आनंदाने तयार आहेत’ हे पुरेसं नाही. ज्या डॉक्टरने आपल्याला चालतं केलं त्याला नाही म्हणणं कुणालाही जड जातं. वॉर्डमध्ये, पलंगावर असताना, उद्याचा डिस्चार्ज आणि बिल डोक्यात असताना विचारलेला होकार मोकळा नसतो.

म्हणून विचारणारा माणूस उपचार करणाऱ्या चमूतला नसावा. विचारायचं घरी गेल्यावर, आणि गुडघ्याच्या बाबतीत निदान सहा महिन्यांनी, कारण खरं कळायला तेवढा वेळ लागतो. तिसऱ्या दिवशी कॉरिडॉरमध्ये दोन पावलं टाकणाऱ्या माणसाचा व्हिडिओ काही सिद्ध करत नाही. मोबदला, पुढच्या तपासण्यांत सवलत, भेटवस्तू, काहीही नको. शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रात प्रसिद्धीची एक ओळ घुसडलेली असते, ती काढून टाका. प्रसिद्धीचा कागद पूर्ण वेगळा असावा आणि त्यात साध्या भाषेत हे यावं:

‘माझं नाव / फक्त आद्याक्षर / नाव नको (एकावर खूण करा). माझा चेहरा दिसला तर चालेल / चालणार नाही. हा व्हिडिओ रुग्णालयाच्या संकेतस्थळावर / समाजमाध्यमांवर / छापील जाहिरातीत वापरता येईल (हव्या त्याच ठिकाणी खूण करा). एक वर्षाने मला पुन्हा विचारलं जाईल, मी उत्तर दिलं नाही तर व्हिडिओ काढला जाईल. मी कधीही, कारण न देता, नाही म्हणू शकतो किंवा शकते. त्याचा माझ्या उपचारांवर काही परिणाम होणार नाही. इतरांनी आधीच उतरवून घेतलेल्या किंवा पुढे पाठवलेल्या प्रती रुग्णालयाला परत घेता येणार नाहीत, हे मला समजावून सांगितलं आहे.’

शेवटचं वाक्य गाळू नका. ते वाचून काही जण मागे फिरतील. त्यांना मागे फिरता यावं यासाठीच ते आहे.

यापुढचा प्रश्न निवडीचा. ४०० जणांतून सगळ्यांत चांगला निकाल असलेल्याचा व्हिडिओ केला, तर त्यातलं प्रत्येक वाक्य खरं असूनही चित्र खोटं ठरतं. नियम करून घ्या: वर्ष पूर्ण झालेल्यांपैकी चिठ्ठ्या टाकून काही नावं काढायची, त्यांना विचारायचं, आणि तयार होतील त्यांनी सांगितलेली अडचण कापायची नाही. ‘खाली मांडी घालून बसता येत नाही, पण बाजारात एकटी जाते’ असं सांगणाऱ्या बाईंमुळे येणाऱ्या रुग्णाला शस्त्रक्रियेबद्दल जेवढं कळतं, तेवढं टाळ्या वाजवणाऱ्या व्हिडिओतून कळत नाही.

इंटरनेटवर कुणी खोटी, वाईट तक्रार लिहिली तर उत्तर देऊ नये का?

द्या, पण तो माणूस तुमचा रुग्ण आहे हेही त्यात कबूल करू नका. ‘तुमची शस्त्रक्रिया मार्चमध्ये झाली आणि तुम्ही फिजिओला आलाच नाहीत’ असं लिहिलं, की तुम्ही एका माणसाची वैद्यकीय माहिती जगासमोर मांडली. त्याने स्वतः आधी लिहिली असली तरी तुमच्यावरचं बंधन उठत नाही. अमेरिकेत २०१९ मध्ये एका दंतवैद्यकीय संस्थेने अशाच उत्तरात रुग्णाचे तपशील लिहिले आणि तिला दहा हजार डॉलर भरावे लागले.

उत्तर एवढंच असावं: ‘गोपनीयतेमुळे इथे कुणाच्याही उपचारांविषयी आम्ही बोलत नाही. आपण रुग्ण-तक्रार कक्षाशी बोललात तर प्रत्येक मुद्दा पाहून लेखी उत्तर देऊ.’ आणि ते लेखी उत्तर खरोखर द्या.

चांगले अभिप्राय विकत घेणं, कर्मचाऱ्यांकडून लिहून घेणं, किंवा डिस्चार्जच्या वेळी फक्त खूश दिसणाऱ्यांच्या हाती फोन देणं, हे सगळं फसवणुकीतच मोडतं. विकत घेतलेल्या आणि बनावट अभिप्रायांना अमेरिकेत २०२४ पासून स्वतंत्र नियमाने बंदी आहे.

पॅकेजची किंमत जाहीर करणं योग्य आहे का?

योग्यच आहे, आणि अधिक रुग्णालयांनी ते करायला हवं. फक्त किंमत जितकी ठळक, तितकीच ठळक ‘यात काय नाही’ ही यादी असावी. गुडघ्याच्या पॅकेजमधून नेहमी सुटणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत: कोणत्या कंपनीचा आणि कोणत्या प्रकारचा सांधा धरला आहे, शस्त्रक्रियेपूर्वीच्या हृदयाच्या तपासण्या, ठरल्यापेक्षा जास्त राहावं लागलं तर प्रत्येक दिवसाचा खर्च, अतिदक्षता विभाग, आणि घरी गेल्यावरची फिजिओथेरपी. शेवटची बाब बहुतेक कुणी लिहीत नाही, आणि गुडघा वाकण्या-न वाकण्याचं पुष्कळसं तिच्यावर अवलंबून असतं.

पॅकेज प्रामाणिक आहे का ते ओळखायची पद्धत सोपी आहे. मागच्या पन्नास रुग्णांचा जाहीर केलेला दर आणि प्रत्यक्ष बिल शेजारी शेजारी मांडा. निम्म्यांहून जास्त बिलं वर गेलेली असतील, तर तुम्ही जाहीर करताय तो आकडा किंमत नाही, आमिष आहे. बिलं चढत्या क्रमाने लावून मधल्या रुग्णाचं बिल घ्या आणि तोच आकडा छापा.

बाहेरच्या डॉक्टरांना रुग्ण पाठवल्याबद्दल काही द्यावं का?

नाही. रुग्णामागे दिलेले पैसे म्हणजे कमिशन, मग खातेवहीत त्याला मार्केटिंग खर्च म्हणा, सल्ला शुल्क म्हणा की परिषदेचा प्रवासखर्च म्हणा. ओळखायची खूण अशी: रक्कम पाठवलेल्या रुग्णांच्या संख्येबरोबर वरखाली होते का? होत असेल तर ती बंद करायची. पाठवणाऱ्या डॉक्टरला द्यायचं ते त्याच्या रुग्णाचं डिस्चार्ज कार्ड, वेळेवर. पुष्कळ डॉक्टर तेवढ्याचीच वाट पाहत असतात.

संकेतस्थळावर नाव-नंबर भरून गेलेल्यांना पुन्हा जाहिराती दाखवाव्यात का?

त्याने कॉल मागितला असेल तर एकदा कॉल करा. तो नको म्हणाला तर नंबर पुसा. आजाराच्या पानावर आलेल्या माणसाचा माग काढणारे जाहिरात-कंपन्यांचे कोड मात्र त्या पानांवर ठेवूच नका. गुडघ्याबद्दल कदाचित कुणाला फारसं वाटणार नाही, पण तोच कोड वंध्यत्वाच्या आणि मानसिक आजाराच्या पानांवरही चालत असतो, आणि घरातल्या सामाईक फोनवर त्याची जाहिरात उमटते.

मग आमच्या विभागाचं काम व्यवस्थापनाने मोजायचं कशावर?

हा प्रश्न सगळ्या यादीत मला महत्त्वाचा वाटतो, कारण वरचं सगळं इथे मोडतं किंवा टिकतं. ‘जाहिरात पाहून ओपीडीत आलेल्या किती जणांची शस्त्रक्रिया झाली’ हा आकडा प्रसिद्धी विभागाच्या बढतीशी जोडला, की शस्त्रक्रियेची गरज नसलेला माणूस हे विभागाचं अपयश ठरतं. त्याची शस्त्रक्रिया न करणं हा तर डॉक्टरचा योग्य निर्णय होता. तोच आकडा डॉक्टरच्या मानधनाशी जोडला तर प्रकरण आणखी बिघडतं.

त्याऐवजी काही आकडे मागा. फोनवर विचारणा केलेल्याला किती वेळात माहितगार माणसाकडून उत्तर मिळालं? आलेल्यांपैकी किती जण चुकीच्या विभागात येऊन परतले? जाहीर दर आणि बिल यांत किती फरक पडला? आणि किती रुग्णांच्या गुडघ्याच्या अवस्थेचे गुण शस्त्रक्रियेपूर्वी आणि वर्षभराने, दोन्ही वेळा नोंदले गेले? गुडघ्यासाठी ऑक्सफर्ड नी स्कोअर नावाची बारा प्रश्नांची प्रश्नावली आहे. गुण शून्य ते ४८, जास्त गुण म्हणजे चांगला गुडघा. चालणं, जिना, रात्रीचं दुखणं असे साधे प्रश्न असतात आणि रुग्ण स्वतः उत्तरं देतो. आधी २० होते, वर्षाने ३७ झाले, असं सांगता आलं की ‘यश’ या शब्दाची गरज उरत नाही. पण दोन्ही वेळा भरलेले अर्ज निम्म्याहून कमी असतील, तर सरासरी छापू नका. आधी अर्ज भरून घेणारा माणूस नेमा. जाहिरातीच्या खर्चातून त्याचा पगार द्यायला माझी हरकत नाही.

छापून झालेल्या जाहिरातीत चूक सापडली तर?

त्याच दिवशी थांबवा. संकेतस्थळावरचा मजकूर गुपचूप बदलू नका, काय चुकलं होतं आणि कधी दुरुस्त केलं ते तिथेच लिहा. त्यानंतरचं काम बहुतेक रुग्णालयं करत नाहीत: जाहिरात सुरू असताना नोंदणी केलेल्या आणि अजून शस्त्रक्रिया न झालेल्या रुग्णांची यादी काढा आणि प्रत्येकाला फोन करा. ‘आमच्या जाहिरातीत अमुक लिहिलं होतं, ते बरोबर नव्हतं, खरी माहिती अशी आहे. तुम्हाला पुन्हा विचार करायचा असेल तर तारीख रद्द करता येईल, भरलेली रक्कम पूर्ण परत मिळेल.’ हा फोन प्रसिद्धी विभागाने करू नये. ज्या डॉक्टरने शस्त्रक्रियेची तारीख दिली आहे त्याने करावा, कारण रुग्णाचे पुढचे प्रश्न त्यालाच असणार आहेत.